एकविसावे झाड

देवराव गुरुजींची ओळख करून द्यायची तर ती त्यांच्या बेरजेपासून करावी लागते. दारव्हा आणि नेर यांच्या मधल्या त्या गावात कापसाच्या मापावरून वाद झाला, वाटणीत बांध कुठे घालायचा यावरून भाऊ भाऊ भांडले, की कोणीतरी म्हणायचे, गुरुजींले इचारा. गुरुजी ओसरीवर बसून, डोळे मिटून, बोटांची पेरे मोजत उत्तर सांगायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते उत्तर परत कोणी तपासले नव्हते. तसे ते कधी बोलून दाखवत नसत, पण ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि एखाद्या जुन्या, जपून नेसलेल्या धोतरासारखी ती ते अंगावर वागवत होते.

सन एकोणीसशे त्रेसष्टच्या त्या वर्षी मात्र ते थकले होते. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती, मुलगी नेरला दिली होती. सकाळी उठले की गुडघे आधी बोलायचे. खडूची धूळ छातीत बसली होती आणि फळ्याकडे तोंड करून उभे राहिले की मागच्या पोरांचा गलका दूरच्या बाजारासारखा ऐकू यायचा. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. हे दीड वर्ष सरळ चालत जावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. सातवीच्या दोन तुकड्या. अ तुकडी देवराव गुरुजींकडे, ब तुकडी विमलताईंकडे. विमलताई अमरावतीकडच्या, तिशीतल्या, कामाला चोख. अंकगणिताचा सहामाहीचा पेपर दोन्ही तुकड्यांना एकच असे आणि तो गुरुजी काढत. पेपराबरोबर ते नमुना उत्तरांचा कागद करत, म्हणजे दोघांनी त्याच कागदावरून तपासायचे, कोणाच्या तुकडीवर अन्याय नको. त्या खेपेचा कागद त्यांनी जनगणनेच्या उरलेल्या फॉर्माच्या कोऱ्या पाठीवर लिहिला होता, जांभळ्या पेन्सिलीने, एका बैठकीत. थकलेला माणूस एका बैठकीतच काम उरकतो, कारण दुसऱ्यांदा बसायचा धीर त्याला नसतो.

त्या पेपरातला सातवा प्रश्न धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा होता : "एका शेताच्या १२० फूट लांबीच्या धुऱ्यावर, दोन्ही टोकांना झाड येईल अशा रीतीने, दर ६ फुटांवर एक झाड लावायचे आहे. एकूण किती झाडे लागतील?" दोन गुण. नमुना उत्तरांच्या कागदावर गुरुजींनी त्याच्यासमोर लिहिले : वीस.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पेपर वाटले गेले आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी दहा नावांची यादी लागली. यादी अंकगणिताच्या गुणांवर होती. दहाच नावे, कारण जादा तासाला खोली एकच होती आणि दारव्ह्याच्या केंद्रावर पोरांना घेऊन जाणारा मास्तरही एकच. दहाव्या क्रमांकावर विठ्ठलराव पाटलांचा प्रल्हाद होता, पन्नासपैकी बत्तीस गुणांवर. अकरावी, म्हणजे यादीच्या बाहेरची पहिली, नलू. तीस गुण.

नलूची आई पंचफुला शनिवारी दुपारी आली. सकाळची शाळा सुटली होती. गुरुजी व्हरांड्यात खुर्ची टाकून पाय लांब करून बसले होते. पंचफुला पायरीखाली उभी राहिली. पदरात घडी केलेला कागद होता.

"वर ये न," गुरुजी म्हणाले. "पायरीखाली कायले उभी? ते दिवस गेले आता."

"दिवस गेले जी, पण सवय जाले टाइम लागते," ती म्हणाली आणि वर येऊन खांबाशी टेकली. सात वर्षांपूर्वी तिच्या वस्तीने बुद्धाचा मार्ग धरला होता. नवरा उकंडा त्याच्या दुसऱ्या वर्षी तापाने गेला. तेव्हापासून ती मिळेल ते काम करायची. वेचणीच्या दिवसांत कापूस, एरवी सडकेवर खोदकाम.

"नलू म्हणते, नाव नाई आलं," ती म्हणाली. "मंग मले येवढंच इचारा लागते जी. सातवीच्या पुढं इथं शाळा नाई. दारव्ह्याले शिकवाचं तर ते शिसवृत्ती पायजे. ते नाई, तर आतापासूनच वेचणीले नेऊ का तिले? उगाच उमेद काहून धराची?"

"आतापासून नको," गुरुजी म्हणाले. "सातवी होऊ दे."

"होऊ द्या म्हनता तर होऊ देतो." ती जायला वळली आणि थांबली. "एक पुसू काय जी? रागावसान नाई न?"

"पूस."

तिने कागद उघडला. नलूचा पेपर. तिला वाचता येत नव्हते, पण सातव्या प्रश्नावरची लाल फुली कुठे आहे ते लेकीने दाखवून ठेवले होते. "हे झाडाचं. पोरीनं एकवीस लेयलं. तुमी फुली मारली. मी तिले म्हनलं, गुरुजीचं बरोबर असंन. पन ते म्हनते, माय, तूच त सांगतलं होतं. मी तिले दसऱ्याच्या आंधी सडकेवर भाकर घेऊन बलावलं होतं. रामलाल मुकादमानं सडकेच्या कडेनं झाडासाठी खड्डे खनवून घेतले. दोरी टाकून. दोरीवर वीस गाठी, म्हने वीस खड्डे. खनून झाल्यावर मोजले तं एकवीस. रामलाल म्हने, बाई, एक जास्तीचा काहून खनला? मी म्हनलं, दोरी जिथून धरली तिथं खड्डा नको काय? तुझा पह्यला खड्डा कोनत्या गाठीचा?" ती थोडी हसली. "पोरीनं ते आयकलं होतं."

गुरुजींनी पेपर मागून घेतला. नलूच्या बारीक अक्षरात लिहिले होते : १२० भागिले ६ बरोबर २०. खाली : २० अधिक १ बरोबर २१. पहिल्या टोकाचे झाड धरून. आणि त्यावर त्यांची स्वतःची फुली, घाईची, आडवी-तिडवी.

"ठेव हा माह्यापाशी," ते म्हणाले. "सोमवारी देतो."

ती गेली तरी ते बराच वेळ बसून राहिले. मग उठले. शाळेच्या कुंपणाला कडुनिंबाची रांग होती, त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी पोरांकडून लावून घेतलेली. दुपारच्या उन्हात ते एका टोकाशी गेले आणि झाडे नव्हे, झाडांमधली मोकळी जागा पावलांनी मोजत गेले. सात जागा. झाडे आठ. शेवटच्या झाडाला हात लावून ते उभे राहिले. साल खडबडीत होती. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हते. हे त्यांनी दरवर्षी पाचवीला शिकवले होते.

मग वीस कसे लिहिले?

परत येताना त्यांना उत्तर सापडले आणि ते सापडले तेव्हा त्यांना हसूही आले नाही. त्यांचे वडील धुऱ्यावर बाभळी लावायचे. धाकटा देवराव मागे रोपे घेऊन चालायचा आणि मोजायचा. शेवटच्या रोपाशी आले की वडील म्हणायचे, हे मोजू नको, हे शेजाऱ्याचं. त्या गावची रीतच तशी होती. धुऱ्याच्या सुरुवातीचे झाड आपले, शेवटचे झाड पुढच्या शेताचे. पुढचा शेतकरी तिथून आपली मोजणी सुरू करायचा. असे केले की सगळ्या शिवाराची झाडे एकेकदाच मोजली जातात आणि कोणी कोणाचे सरपण तोडत नाही. जांभळी पेन्सिल चालवताना गुरुजींच्या आतला तो पोर पुन्हा मोजत गेला होता आणि शेवटचे झाड त्याने शेजाऱ्याला देऊन टाकले होते. पेपरात मात्र त्यांनीच लिहिले होते, दोन्ही टोकांना झाड येईल अशा रीतीने.

सोमवारी प्रार्थनेआधी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मुख्याध्यापक मारोतराव त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. शाळेचे पत्रे गळत होते, वरून पत्रांना उत्तर येत नव्हते, आणि विठ्ठलराव पाटील शाळा समितीत होते. एवढ्या गोष्टी एका डोक्यात सांभाळणारा माणूस जसा असतो, तसे ते होते.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. पेपर पाहिला. बोटांनी टेबलावर खड्डे मोजले.

"एकवीस," ते म्हणाले. "बरोबर हाये. आता?"

"आता एकाहत्तर पेपर परत गोळा कराचे. सातवा प्रश्न पुन्हा तपासाचा."

"एकाहत्तर?" मारोतरावांनी चष्मा काढला. "देवरावजी, ज्यानं एकवीस लेयलं त्याले दोन गुण देऊन टाका. झालं. ज्याले दिले त्याचे राहू द्या. दिलेलं कोनी परत घेते काय?"

"आन् यादीचं?"

मारोतरावांनी यादी काढली. नलूचे तीस आणि दोन, बत्तीस. प्रल्हादचे बत्तीस. "सारखे झाले," ते सावकाश म्हणाले. "सारखे झाले तं वयानं मोठं ते आंधी. अशी पद्धत हाये आपली."

"प्रल्हाद मोठा हाये."

"मी काई म्हनलं नाई."

"तुमी नाई म्हनलं. पन प्रल्हादले त्या प्रश्नाचे दोन गुण चुकीच्या उत्तराचे हायेत. ते राहू देले आन् मंग वयाचा तराजू धरला, तं तो तराजू माह्या चुकीवर उभा हाये." गुरुजींनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला. "मले बी आवडत नाई परत घेनं. एकतीस वर्सात घेतले नाई."

मारोतरावांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "सूचना लावा. पन सही तुमची. माही नाई. रजिस्टरात जे गुण पडतीन, त्यावरून मी यादी लेहीन. येवढं करतो."

"येवढं पुरे."

विमलताईंना त्यांनी मधल्या सुट्टीत सांगितले. त्या डबा उघडत होत्या. हात थांबला.

"तपासताना मला दोनदा वाटलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "माझ्या तुकडीतल्या एका मुलीनं एकवीस लिहिलं होतं. मी पेन उचललं. मग म्हटलं, तुमचा कागद आहे. तुमचं कसं चुकेल?"

त्यांनी हे दोष देण्यासाठी म्हटले नव्हते. तरी देवराव गुरुजींना ते पंचफुलाच्या खड्ड्यांपेक्षा जास्त लागले. एकतीस वर्षांचे नाव त्यांनी जपले होते, आणि त्या नावाने एका शहाण्या बाईच्या हातातले पेन खाली ठेवले होते. ते एवढेच म्हणाले, "तेच चुकलं बाई. दोघंही त्या कागदावरच भरोसा ठेवून बसलो."

दोन दिवस शाळा सुटल्यावर दोघे पेपर घेऊन बसले. आधी गुण कसे द्यायचे ते ठरवले, मगच पहिला पेपर उघडला. नाहीतर एकेका पोराचे तोंड पाहून नियम बदलत जातो, हे गुरुजींना माहीत होते. एकवीस लिहिणारी चार निघाली. वीस लिहून भागाकार मांडणारी अडतीस. नुसते वीस लिहिणारी नऊ. बाकीच्या वीस जणांनी प्रश्न सोडला होता किंवा भलतेच काही लिहिले होते. एका पोराने उत्तर लिहिले होते, 'माझ्या बाबाले धुरा नाही.' विमलताईंनी तो पेपर गुरुजींना दाखवला. त्या दोन दिवसांत दोघे तेवढे एकदाच हसले. त्या पोराला गुण काही मिळाले नाहीत.

सूचना लिहायला मात्र वेळ लागला. पहिल्या खेपेला त्यांनी धुऱ्याची रीत, वडील, बाभळी, सगळे लिहिले. वाचले आणि फाडले. पोरांना गुरुजींचे बालपण नको होते, त्यांना आपले गुण हवे होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी लिहिले, 'लेखनदोषामुळे'. तेही फाडले. तो लेखनदोष नव्हता, ती चूक होती. तिसऱ्या खेपेला जे उतरले, ते बुधवारी सकाळी व्हरांड्यातल्या लाकडी फळीवर चार टाचण्यांनी लागले :

सूचना

इयत्ता सातवी, तुकडी अ व ब. विषय अंकगणित, सहामाही परीक्षा.

प्रश्न सातवा, धुऱ्यावरची झाडे. याचे उत्तर मी नमुना उत्तरात २० असे दिले होते. ते चूक आहे. बरोबर उत्तर २१ आहे. १२० फुटांत ६ फुटांची अंतरे २० होतात. परंतु झाड दोन्ही टोकांना असल्यामुळे झाडे अंतरांपेक्षा एकाने जास्त होतात. चूक माझी आहे. विमलताईंनी माझ्या कागदाप्रमाणे तपासले, त्यांची चूक नाही.

या प्रश्नाचे दोन गुण आता असे दिले आहेत. उत्तर २१ असल्यास दोन. भागाकार बरोबर करून उत्तर २० लिहिले असल्यास एक, कारण रीत अर्धी बरोबर आहे. रीत न दाखवता नुसते २० असल्यास गुण नाही. म्हणजे काहींचे दोन गुण वाढतील, काहींचा एक आणि काहींचे दोन कमी होतील. कमी झाल्यामुळे जो नापास होईल, त्याचा पास हा शेरा कायम राहील. माझ्या चुकीने कोणी नापास होणार नाही.

दुरुस्ती सर्व पेपरांवर सारखी केली आहे. इतर कोणत्याही प्रश्नाचे गुण बदललेले नाहीत. पेपरावर व रजिस्टरात जुना आकडा एका रेघेने कापला आहे, तो खोडलेला नाही. वर नवा आकडा, तारीख व दोन्ही शिक्षकांची सही आहे. प्रत्येकाने आपला पेपर पाहून बेरीज तपासावी. बेरजेत चूक आढळल्यास शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत पेपर घेऊन मला भेटावे. शिष्यवृत्तीची यादी दुरुस्त गुणांवरून शनिवारी लागेल.

दे. रा. सहायक शिक्षक

प्रार्थनेनंतर त्यांनी ती वाचूनही दाखवली, कारण सगळीच पोरे फळीपर्यंत जात नाहीत. 'चूक माझी आहे' या शब्दांशी त्यांचा आवाज चिरकला नाही, की अडखळला नाही. फक्त थकलेला होता, पाढा म्हणताना असतो तसा. रांगेत कोणीतरी खुसखुसले. कोणीतरी म्हणाले, "गुरुजीचं बी चुकते, बे." गुरुजींनी ऐकले.

पेपर परत दिले तेव्हा त्यांनी नलूकडे खास पाहिले नाही. तिने आपला पेपर घेतला, तीसवरची रेघ पाहिली, वरचे बत्तीस पाहिले, आणि जागेवर जाऊन पहिल्या प्रश्नापासून बेरीज करत बसली. सूचनेत तसे सांगितले होते म्हणून. प्रल्हादच्या पेपरावर बत्तीस कापून एकतीस झाले होते. तो पेपराकडे पाहत राहिला आणि मग त्याने तो शर्टात, पोटाशी, सरकवला.

गुरुवारी विठ्ठलराव आले. पांढरी टोपी, हातात वेत, चेहरा शांत. मारोतरावांच्या खोलीतच बसले आणि गुरुजींना बोलावणे गेले. मारोतराव फायलीत डोके घालून बसले होते.

"या गुरुजी," विठ्ठलराव म्हणाले. "माहा पोरगा काल जेवला नाई. गुण देल्ले आन् परत घेतले म्हने. सावकार बी असं करत नाईत."

"सगळ्यांचेच घेतले पाटील. सत्तेचाळीस पोरांचे."

"सत्तेचाळीस पोरांचं मले काय कराचं? दहावं नाव कोनाचं होतं, आन् आता कोनाचं येते, गावाले कळते. त्या वस्तीतल्या पोरीसाठी एकाहत्तर पेपर फिरवले, असं लोक म्हनून राह्यले. मी नाई म्हनत."

"लोक म्हनतीन," गुरुजी म्हणाले. "पन पेपर माह्या चुकीनं फिरले."

"चूक काहाची?" विठ्ठलराव पुढे सरकले. आता त्यांचा आवाज खरा झाला. "म्या रातभर हिसाब केला. वीसच बरोबर हाये. धुऱ्यावरचं शेवटलं झाड आपुन मोजतो काय? ते शेजाऱ्याचं असते. तुमी कास्तकाराचे पोट्टे, तुमाले हे मले सांगा लागते? माह्या बापानं असंच मोजलं, तुमच्या बापानं असंच मोजलं. तुमचा पह्यला कागदच बरोबर होता."

देवराव गुरुजी समोरच्या माणसाकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांत कोणी त्यांची बाजू घेतली होती तर ती या माणसाने, आणि अगदी त्यांच्याच मनातली. क्षणभर त्यांना वाटले, किती सोपे आहे. हो म्हणायचे. गावाची रीत म्हणायची. एकतीस वर्षे परत जागेवर येतील, फळीवरचा कागद निघेल, आणि उद्यापासून पुन्हा लोक म्हणतील, गुरुजींले इचारा.

त्यांनी टेबलावरचा पेपर ओढला आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवले.

"शिवारात तुमचं खरं हाये पाटील," ते म्हणाले. "मी बी तसंच मोजलं, म्हनून त चुकलो. पन हे वाचा. 'दोन्ही टोकांना झाड येईल अशा रीतीने.' हे कोनी लेयलं? म्याच लेयलं. कागदावर शेजारी नाई. हा धुरा दोन्ही टोकांनी एकाच मानसाचा हाये. शेजाऱ्याचं झाड मी मनातून आनलं, पोराईले त्याचा पत्ता नव्हता."

"मंग पेपरातच तसं लेहाचं होतं. शेवटलं झाड शेजाऱ्याचं म्हनून."

"लेहाले पायजे होतं. नाई लेयलं. आता जे लेयलं त्याच्यावरच गुण द्या लागतीन." ते थांबले. "जादा तासाले प्रल्हादले पाठवा. फॉर्म दहाच जातीन, पन शिकवाले अकरावा जड नाई मले. पोरगा हुशार हाये. आठवीत कामी येईन."

विठ्ठलराव उठले. वेत उगाच जमिनीवर टेकवला. "अकराव्या पाटावर जेवाले बसत नाई आमी," ते म्हणाले. दारात थांबून त्यांनी मारोतरावांना विचारले, "तुमचं काय म्हननं मुख्याध्यापक?"

मारोतरावांनी फायलीतून डोके वर काढले. रजिस्टर पुढे ओढले. मग ते म्हणाले, "मी यादी रजिस्टरावरून लेहतो पाटील. रजिस्टरात जे हाये ते."

शनिवारी यादी लागली. दहावे नाव : नलू उकंडा, बत्तीस. शाळेच्या पत्र्यांचे काम त्या हिवाळ्यात झाले नाही, पुढच्याही झाले नाही. विठ्ठलरावांच्या घरून गुरुजींना ताक यायचे, तेही बंद झाले. वाटेत भेटले तर विठ्ठलराव रामराम करायचे, पण थांबायचे नाहीत. प्रल्हाद जादा तासाला आला नाही. आणि कापसाच्या मापाचा वाद झाला की आता कोणीतरी म्हणायचे, "गुरुजींले इचारा, पन दोनदा." लोक हसायचे. गुरुजींनाही ऐकू यायचे. पुढे पुढे ते स्वतःच म्हणू लागले, थांबा, दुसऱ्या टोकाकडून बी मोजू.

वर्गात एक वेगळीच कटकट सुरू झाली. फळ्यावर उदाहरण सोडवले की दोन-तीन हात वर यायचे. गुरुजी, तिसरी ओळ पाहा. गुरुजी, हातचा राहिला काय? बहुतेक वेळा राहिलेला नसायचा. ते न चिडता खडूने पुन्हा बेरीज करून दाखवायचे, आणि पुन्हा, आणि संध्याकाळी घरी जाताना खांदा दुखायचा. डिसेंबरच्या चाचणीचा पेपर काढला तेव्हा त्यांनी विमलताईंना नुसते प्रश्न दिले, उत्तरांचा कागद खिशात ठेवला. "आधी तुमी सोडवा," ते म्हणाले. "मंग दोन कागद शेजारी शेजारी ठेवू." विमलताईंनी पेपर घेतला आणि पेन काढले.

फॉर्म भरायच्या दिवशी पंचफुला आली. पायऱ्या चढून सरळ आत आली. पालकाच्या जागी तिने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

"तो एक गुन माहा बी हाये काय जी त्यात?" तिने विचारले. "खड्ड्याचा?"

"दोन हायेत," गुरुजी म्हणाले.

ती हसली. "मंग रामलाल मुकादमाले सांगतो. तो अजून म्हनते, बाई, तुनं जास्तीचा खनला."

फॉर्मांचे पाकीट दारव्ह्याला पोचवायचे होते. मारोतरावांनी शिपाई पाठवला असता, पण गुरुजी म्हणाले, मीच जातो, मले गुडघ्याचं औषध बी आनाचं हाये. एस्टी सडकेवर थांबायची, गावापासून अर्धा मैल. पाकीट काखेत धरून ते सावकाश निघाले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायांचे बोलणे शेतातून येत होते.

सडकेच्या कडेने खड्डे होते. काहींत काड्यांएवढी रोपे लागली होती, काही अजून रिकामे, त्यात वाळलेली पाने. गुरुजी मोजत निघाले. मोजायचे ठरवले नव्हते, पायांनीच मोजायला घेतले. विसाव्यापाशी ते थांबले. पुढे आणखी एक होता, बाकीच्यांसारखाच, काठाशी माती नीट चोपून घेतलेला. त्याच्या पलीकडे मैलाचा दगड.

ते त्या दगडावर बसले. गुडघे चोळले. पोरगी शिष्यवृत्ती मिळवील की नाही, हे त्यांच्या हातात नव्हते, आणि ते हातात घ्यायची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती. पाकीट मात्र त्यांनी एकदा उघडून पाहिले आणि फॉर्म मोजले. दहा. मग उलटे करून, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, पुन्हा मोजले. दहाच होते.

लांबून एस्टीची धूळ दिसू लागली. देवराव गुरुजी दगडाला हात टेकून उठले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.